एक्सप्लेनर: कोथिंबिरीच्या पाकिटावर ‘उगवण ६५ टक्के’, मग कुंडीत निम्मंच का उगवतं?

पुणे-मुंबईच्या बाल्कनीत कोथिंबीर लावण्याचा प्रयोग बहुतेक घरांत एकदा तरी होतो. नर्सरीतून किंवा ऑनलाइन पाकीट मागवलं जातं, ट्रेमध्ये बी टाकलं जातं, आणि पंधरा दिवसांनी इकडे चार, तिकडे सहा अशी विरळ रोपं दिसतात. मग दोष बियाण्याला दिला जातो, नाहीतर स्वतःच्या हाताला. प्रत्यक्षात बरीचशी उत्तरं पाकिटाच्या मागच्या बारीक अक्षरांत असतात. ती कशी वाचायची, ते एका पाकिटाच्या उदाहरणातून पाहू.

समजा, पाकिटावर असा मजकूर आहे: कोथिंबीर, फोडलेले बी. वजन २० ग्रॅम. क्षेत्र सुमारे ३० चौरस फूट. पेरणी जून-जुलै, ऑक्टोबर-नोव्हेंबर. उगवण किमान ६५ टक्के. त्याखाली चाचणीची तारीख आणि वैध मुदत. सर्वांत शेवटी एक ओळ: ‘प्रत्यक्ष उगवण माती, पाणी व हवामानावर अवलंबून.’

६५ टक्के हा आकडा कुठून आला?

बियाणे प्रमाणीकरणाच्या भारतीय मानकांत कोथिंबिरीसाठी किमान उगवण ६५ टक्के ठेवलेली आहे. मेथीसाठी ती ७०, भेंडीसाठी ६५ आणि मिरचीसाठी ६० टक्के आहे. म्हणजे पाकिटावरचा आकडा ‘इतकं तरी उगवलं पाहिजे’ अशी खालची मर्यादा सांगतो. एखाद्या लॉटची खरी उगवण ८० टक्केही असू शकते, पण विक्रेता पाकिटावर किमान आकडाच छापतो.

दुसरी गोष्ट, हा आकडा प्रयोगशाळेतला आहे. तिथे शंभर-शंभर बियांचे गट ओल्या कागदावर ठेवतात. तापमान २० ते ३० अंशांच्या दरम्यान राखलं जातं आणि कोथिंबिरीची शेवटची मोजणी २१व्या दिवशी होते. तिथे पाणी जास्त होत नाही, मुंग्या बी उचलून नेत नाहीत आणि मातीचा थर कडक होऊन कोंब अडकत नाही. कुंडीत हे सगळं होतं. त्यामुळे ६५ टक्क्यांचं बी कुंडीत ४०-५० टक्के उगवलं, तर तेवढ्यावरून बियाणं खोटं ठरत नाही. ‘हवामानावर अवलंबून’ ही ओळ नेमका हाच फरक सांगते.

तारीख का पाहायची?

उगवणीचा आकडा चाचणीच्या दिवशीचा असतो. बी जिवंत असतं आणि साठवणुकीत त्याची ताकद कमी होत जाते. दुकानाच्या उन्हात टांगलेल्या किंवा पावसाळ्यात दमट कपाटात पडलेल्या पाकिटात हे लवकर होतं. म्हणून आधी वैध मुदत पाहावी. तारीखच छापलेली नसेल, तर त्या ६५ टक्क्यांना फारसा अर्थ उरत नाही. स्वयंपाकघरातल्या धन्यांचंही तसंच आहे. ते उगवतात, पण किती उगवतील हे कोणी तपासलेलं नसतं.

३० चौरस फुटांचं गणित

शेतात पानांसाठी कोथिंबीर घेताना हेक्टरी ६० ते ८० किलो बी लागतं. म्हणजे एका चौरस मीटरला ६ ते ८ ग्रॅम. या हिशेबाने २० ग्रॅम बी साधारण २७ ते ३६ चौरस फुटांना पुरतं. पाकिटावरचं ‘सुमारे ३०’ इथूनच येतं.

आता बाल्कनीतला दोन फूट बाय एक फुटाचा ट्रे घ्या. त्याचं क्षेत्र २ चौरस फूट, म्हणजे बी लागेल जेमतेम १.३ ग्रॅम, साधारण पाऊण चहाचा चमचा. एका ग्रॅममध्ये सुमारे १०० अख्खे धने बसतात. प्रत्येक धन्यात दोन बिया असतात, त्यामुळे फोडलेल्या बियांचे सुमारे २६० तुकडे ट्रेत पडतील. ६५ टक्क्यांनी १७० रोपं आणि प्रत्यक्षात ५० टक्के उगवण धरली तर १३०. एका ट्रेला तेवढी पुरेशी आहेत.

चूक होते ती इथेच. ‘कमी उगवतं’ म्हणून अख्खं पाकीट दोन ट्रेमध्ये ओतलं जातं. मग रोपं दाटीने येतात, मधली हवा खेळत नाही आणि देठ मातीलगत काळा पडून रोपं आडवी होतात. ही रोपांची मर आहे. तीही लोक खराब बियाण्याच्याच खात्यावर टाकतात.

हंगामाची ओळ सर्वांत महत्त्वाची

काही पाकिटांवर मोठ्या अक्षरांत ‘वर्षभर’ असतं आणि खाली बारीक ‘उन्हाळ्यात उगवण कमी’. कोथिंबिरीला थंडावा लागतो. माती ३० अंशांच्या वर तापली की उगवण घसरते आणि जी रोपं येतात ती लवकर फुलावर जातात. एप्रिल-मे महिन्यात दुपारच्या उन्हातल्या गच्चीवरची उथळ कुंडी याहून कितीतरी जास्त तापते. तेच पाकीट ऑक्टोबरच्या अखेरीस पेरलं, तर आठ ते बारा दिवसांत कोंब दिसू लागतात आणि साधारण ४० ते ४५ दिवसांत कोथिंबीर काढता येते. उन्हाळ्यात लावायचीच असेल, तर ट्रे सावलीत हवा आणि उगवण कमीच धरायला हवी.

पेरण्याआधी घरीच तपासा

शंका असेल तर १०० बिया मोजून घ्या. ओल्या सुती कापडावर ओळीत मांडा, कापड गुंडाळून सैल प्लॅस्टिक पिशवीत सावलीत ठेवा. कापड ओलसर राहू द्या, पाणी साचू देऊ नका. दोन आठवड्यांनी कोंब आणि मूळ दोन्ही नीट आलेल्या बिया मोजा. बियाणं खरोखर ६५ टक्क्यांचं असेल, तरी योगायोगाने ५५ ते ७५ यांमधला कोणताही आकडा येऊ शकतो. फक्त २० बिया घेतल्या तर ९ आणि १७ हे दोन्ही आकडे शक्य असतात, म्हणून तेवढ्यावरून निष्कर्ष काढू नये.

१०० पैकी ४० उगवल्या, तर ट्रेमध्ये १.३ ग्रॅमऐवजी दीडपटीहून थोडं जास्त, म्हणजे सुमारे २ ग्रॅम बी टाका. दहा-पंधराच उगवल्या आणि मुदत संपलेली नसेल, तर तक्रारीला जागा आहे. त्यासाठी पाकीट, बिल आणि थोडं न पेरलेलं बी जपून ठेवावं. पाकीट फाडून फेकलं की लॉट क्रमांकही जातो.

एक काळजी घ्यावी. बी गुलाबी किंवा निळसर रंगाचं असेल, तर त्यावर बुरशीनाशक लावलेलं असतं. उरलेलं असं बी धन्यांच्या डब्यात जाऊ देऊ नये आणि पेरल्यावर हात साबणाने धुवावेत.