गॉडफादर कोण होणार?

वसईच्या एखाद्या कॅथलिक घरात नववीतल्या मुलीचं दृढीकरण, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेलं 'कन्फर्मेशन', ठरलं की ड्रेस आणि जेवणाच्या आधी एक प्रश्न उभा राहतो: गॉडमदर कोणाला करायचं? मुलीच्या मनात लाडकी मैत्रीण असते, तर वडिलांना परदेशातून आलेल्या भावाचा मान राखायचा असतो. आईला वाटतं, आपणच मुलीमागे उभं राहिलो तर बिघडलं कुठे?

चर्चच्या कायद्यात याचं उत्तर स्पष्ट आहे. आईवडील प्रायोजक होऊ शकत नाहीत. त्यांच्यावर मुलांच्या श्रद्धेची जबाबदारी आधीच आहे. प्रायोजक हा त्यांच्याखेरीज आणखी एक आधार असतो. तो सोळा वर्षांचा तरी असावा लागतो, कॅथलिक असावा लागतो आणि स्वतःचं दृढीकरण व प्रथम ख्रिस्तप्रसाद झालेला असावा लागतो. त्याचं जगणंही श्रद्धेला धरून असावं, अशी अट आहे. त्यामुळे मैत्रीण पंधरा वर्षांची असेल तर ती इथेच बाद होते. परदेशातला काका वयात बसतो, पण तो दृढीकरणाच्या आधीच गाव सोडून गेला असेल, तर तोही चालत नाही. त्याचं दृढीकरण झालं असेल, तरी दुसऱ्या धर्मग्रामात राहणाऱ्या माणसाकडून तिथल्या फादरांचं पत्र मागितलं जाऊ शकतं. घरच्यांची धावपळ होते ती बहुतेक वेळा या पत्रापायी, म्हणून हा विषय शेवटच्या आठवड्यापर्यंत लांबवू नये.

१९८३ सालच्या चर्च कायद्याची एक सूचना लोक विसरतात. बाप्तिस्म्याच्या वेळी जी व्यक्ती गॉडमदर किंवा गॉडफादर होती, शक्यतो तिलाच इथेही निवडावं, असं त्यात म्हटलं आहे. जुन्या, १९१७ सालच्या कायद्याचा कल नेमका उलटा होता. तेव्हा सहसा दुसरी व्यक्ती लागे. म्हणून आजी 'निराळं माणसू हवं' म्हणत असेल, तर ती तिच्या काळाला धरूनच बोलते आहे. बदलामागचा विचार साधा आहे: दृढीकरण म्हणजे बाप्तिस्म्याचा पुढचा टप्पा. मला हा सल्ला पटतो, पण एका अटीवर. बाळाच्या बाप्तिस्म्यानंतर जी गॉडमदर पुन्हा फिरकलीच नाही, तिला केवळ नियमात बसते म्हणून उभं करण्यात काय हशील? त्यापेक्षा दर रविवारी मिस्साला भेटणारी मावशी बरी.

तयारीचे वर्ग बहुधा रविवारी मिस्सानंतर भरतात. दहा आज्ञा, श्रद्धांगीकार आणि पवित्र आत्म्याची सात दानं शिकवली जातात. पोरं दानांची यादी पाठ करून येतात, पण 'धैर्य म्हणजे काय?' असं फादरांनी विचारलं की गप्प होतात. वर्गात मित्र कॉपी करायला सांगतो तेव्हा नाही म्हणणं, असं कुणी सांगितलं तर ते दान समजलं, असं मी म्हणेन. विधीआधी पापनिवेदन करायचं असतं. आणखी एक कागद लागतो तो बाप्तिस्म्याच्या दाखल्याचा, तोही बाप्तिस्मा झाला त्याच चर्चमधून आणायचा असतो.

विधी बहुधा मिस्सामध्येच, प्रवचनाच्या आधीपासून सुरू होतो. उमेदवारांना बिशपांसमोर आणलं जातं. प्रवचनानंतर मुलं बाप्तिस्म्याची वचनं स्वतःच्या तोंडाने पुन्हा उच्चारतात, कारण पहिल्यांदा ती त्यांच्या वतीने मोठ्यांनी उच्चारली होती. मग बिशप हात पसरून पवित्र आत्म्यासाठी प्रार्थना करतात. एकेक जण पुढे येतो, प्रायोजक त्याच्या खांद्यावर उजवा हात ठेवतो आणि नाव सांगितलं जातं. बिशप अंगठा तेलात बुडवून कपाळावर क्रूस काढतात, पवित्र आत्म्याच्या दानाची मुद्रा घ्यायला सांगतात आणि मूल 'आमेन' म्हणतं. हे तेल साधं नसतं. त्यात सुगंधी बाल्सम मिसळलेलं असतं आणि बिशप स्वतः पवित्र सप्ताहाच्या सुमारास ते आशीर्वादित करतात. कपाळावर केसांची बट आलेली असेल तर अडचण होते, म्हणून वर्गात आधीच केस मागे बांधायला सांगतात. नंतर बिशपांचे तेलकट हात पुसायला लिंबाच्या फोडी ठेवलेल्या असतात, हे समोर बसलेल्यांच्या बहुधा लक्षात येत नाही. जुन्या पद्धतीत बिशप गालावर हलकीशी चापटही मारत. १९७१ सालच्या नव्या विधीत ती राहिली नाही, तरी वयस्क माणसं आजही तिची आठवण काढतात.

नंतर धर्मग्रामाच्या नोंदवहीत मुलाचं, आईवडिलांचं, प्रायोजकाचं, बिशपांचं नाव, ठिकाण आणि तारीख लिहिली जाते. बाप्तिस्मा दुसरीकडे झाला असेल तर तिथेही कळवलं जातं. पुढे चर्चमध्ये लग्न ठरलं की हीच नोंद पाहिली जाते. मधल्या काळात वही हरवली किंवा पुराच्या पाण्यात भिजली, तर वाद नसल्यास एका विश्वासू साक्षीदाराचं म्हणणं पुरतं. त्या दिवशी खांद्यावर हात ठेवून उभी असलेली व्यक्ती यासाठी सगळ्यात सोयीची.