पैसे घातलेल्या मैत्रिणींना महिन्याचं पत्र

आज आपण एका पत्राबद्दल बोलणार आहोत. उद्योग चालवणारी बाई हे पत्र दर महिन्याला लिहिते, आणि ज्यांनी तिच्या उद्योगात पैसे घातले त्यांना पाठवते. महिन्यात काय कमावलं, काय ठरवलं होतं आणि काय जमलं नाही, आता मदत कुणाची हवी, एवढंच त्यात असतं. मुंबई-पुण्याच्या नव्या कंपन्यांमध्ये असं पत्र पाठवायची रीत आहे. आपल्या अनसिंगकडे डाळ मिल, मसाला, हळद असे उद्योग गटांतून उभे राहतायत. तिथंही पैसे घालणाऱ्या आहेतच, फक्त त्यांना कुणी गुंतवणूकदार म्हणत नाही. हजार रुपयांचा शेअर घेतलेली बाई गुंतवणूकदारच असते, आणि कर्ज देणाऱ्या ग्रामसंघाचाही जीव त्या पैशात अडकलेला असतो.

शेतकरी उत्पादक कंपनीत शेअर फक्त उत्पादकालाच घेता येतो, बाहेरच्या माणसाला नाही. नाशिकजवळच्या मोहाडीच्या सह्याद्री फार्म्सचं उदाहरण घ्या. २०२२ साली त्यांच्यात युरोपातल्या संस्थांनी ३१० कोटी रुपये घातले, तेही शेतकऱ्यांच्या मूळ कंपनीत नाही, तिच्या हाताखालच्या वेगळ्या कंपनीत. म्हणजे आपल्या कंपनीचे मालक आपणच, आणि खबर मिळायचा पहिला हक्कही आपलाच. कायदा वर्षातून एकदा सर्वसाधारण सभा घ्यायला सांगतो. महिन्याच्या पत्राची सक्ती नाही. पण फेब्रुवारीत बिघडलेलं काम सप्टेंबरच्या सभेत कळलं, तर तोवर दुरुस्तीची वेळ निघून गेलेली असते.

आता एक उदाहरण घेऊ. आकडे समजावण्यापुरते आहेत, पण हिशेब खराखुरा लागतो. समजा ३०० बायांनी प्रत्येकी १,००० रुपये घातले, ग्रामसंघानं २ लाख कर्ज दिलं, आणि छोटी डाळ मिल सुरू झाली. फेब्रुवारीत २० दिवस मिल चालवायची, रोज २ क्विंटल, म्हणजे ४० क्विंटल तूर डाळ विकायची असं ठरलं. विकली गेली २६ क्विंटल.

पत्राची पहिली ओळ हीच पाहिजे. ‘ठरले ४० क्विंटल, झाले २६.’ पुष्कळ पत्रं ‘सर्वांच्या सहकार्यानं काम चांगलं सुरू आहे’ इथून सुरू होतात आणि कमी पडलेला आकडा तिसऱ्या परिच्छेदात लपतो. आमचं मत असं, की वाईट बातमी वर आली की वाचणारीचा उरलेल्या पत्रावर विश्वास बसतो. खाली सापडली, की ती आणखी काय दडवलंय ते शोधत बसते.

मग कारण. ‘पाऊस आला म्हणून कमी झालं’ एवढं लिहून भागत नाही. तूर डाळ करताना दाण्याला ओरखडा पाडून, तेल-पाणी लावून, उन्हात वाळवावी लागते. आभाळ आलं की दाणा ओला राहतो, टरफल नीट सुटत नाही, आणि मिल बंद ठेवावी लागते. हे खरं. पण खरोखर पावसानंच झालं का, हे दोन आकड्यांवरून कळतं. पहिला, मिल किती दिवस चालली. आपल्या उदाहरणात १३ दिवस चालली, ७ दिवस बंद होती, त्यातले ५ दिवस आभाळामुळे आणि २ दिवस लाइन नव्हती म्हणून. दुसरा आकडा उताऱ्याचा. ३६ क्विंटल तुरीतून २६ क्विंटल डाळ निघाली, म्हणजे १०० किलोला ७२ किलो. छोट्या मिलमध्ये ७० ते ७५ किलो म्हणजे ठीक. रोजची २ क्विंटलही बरोबर आहे. म्हणून इथं मशीनचा दोष नाही, तुरीचाही नाही, दिवस कमी पडले. समजा मिल २० दिवस चालली असती आणि उतारा ६५ वर आला असता, तर गोष्ट वेगळी होती. तेव्हा तूर बारीक होती का, ओली दळली का, रोलर घासलाय का, हे पाहावं लागलं असतं. दोन्ही वेळी ‘डाळ कमी झाली’ हेच वाक्य लिहिलं जातं, पण उपाय अगदी वेगळे.

आता पैशाकडे वळू. इथंच जास्त बाया फसतात, म्हणून जरा सावकाश पाहू.

डाळ ११० रुपये किलोनं गेली, तर २६ क्विंटलचे झाले २,८६,००० रुपये. चुनी जनावरांसाठी विकली, १२,००० आले. मिळून २,९८,०००. खर्चात तूर ७,००० रुपये क्विंटलनं ३६ क्विंटल, म्हणजे २,५२,०००. मजुरी १८,०००, वीज ४,०००, पिशव्या आणि गाडीभाडं ६,०००, कर्जाचा हप्ता १०,०००. मिळून २,९०,०००. कागदावर ८,००० रुपये वर राहिले. अध्यक्षताई खूश.

पण २६ पैकी ६ क्विंटल डाळ उधारीवर गेली. ६६,००० रुपये अजून दुकानदाराकडेच आहेत. महिन्याच्या सुरुवातीला पेटीत आणि बँकेत मिळून १,६०,००० होते, शेवटी १,०२,००० उरले. कागद म्हणतो ८,००० वाढले, पेटी म्हणते ५८,००० घटले. दोन्ही खरं आहे. पण उद्या तूर घ्यायला पेटीतलेच पैसे लागतात. म्हणून हातातली रोख आणि येणं बाकी, हे दोन आकडे पत्रात वेगवेगळे लिहायचे, एकत्र करायचे नाहीत.

आणि या दोन आकड्यांवरून तिसरा काढायचा. महिन्याला ५८,००० घटत असतील आणि हातात १,०२,००० असतील, तर दोन महिनेसुद्धा निघत नाहीत. पैसे घालणारीला सगळ्यात आधी हेच जाणून घ्यायचं असतं, की आपली मिल किती दिवस तग धरेल. पत्रात तो आकडा नसेल तर ती मनातल्या मनात अंदाज बांधते, आणि मनातला अंदाज बहुधा वाईटच असतो.

शेवटी मागणं. ‘सर्वांनी सहकार्य करावे’ हे मागणं नव्हे. वाचून कुणालाच कळत नाही की मी काय करू. एका बाईनं एका तारखेपर्यंत करता येईल असं काम मागायचं. सगळं मिळून पत्र असं होईल:

‘फेब्रुवारीत ४० क्विंटल ठरले होते, २६ विकले. मिल २० ऐवजी १३ दिवस चालली. ५ दिवस आभाळ, २ दिवस लाइन नाही. उतारा ७२ आहे. हातात रोख १,०२,०००, येणे बाकी ६६,०००. उधारी आली नाही आणि असेच चालले तर रोख दोन महिनेही पुरणार नाही. १० मार्चपासून उधारीवर डाळ देणे बंद. मार्चचे लक्ष्य ३० क्विंटल.

आम्हाला तीन गोष्टी हव्यात. पहिली, वाळवणासाठी पत्र्याचे छत असलेली ६०० चौरस फूट जागा, दोन महिने भाड्याने. जिच्याकडे आहे तिने १० मार्चपर्यंत सांगावे. दुसरी, वाशीमच्या बाजारात ज्यांचे जाणे-येणे आहे अशा दोघींनी १२ मार्चला उधारी मागायला आमच्यासोबत यावे. तिसरी, ग्रामसंघाला विनंती, मार्चचा १०,००० चा हप्ता एप्रिलमध्ये भरू द्यावा.’

एवढंच. एका पानात बसतं. दुकानदाराचं नाव पत्रात नाही, हे लक्षात घ्या. पत्र व्हॉट्सअपवर गेलं की कुठं जाईल सांगता येत नाही. नाव बैठकीत तोंडी सांगायचं. आणि हप्त्याची विनंती हप्ता चुकायच्या आधी गेली आहे. आधी सांगितलं की ती विनंती असते, नंतर सांगितली की सबब वाटते. कर्ज बँकेचं असेल तर हे आणखी महत्त्वाचं, कारण हप्ता ९० दिवसांहून जास्त थकला की ते खातं थकीत गणलं जातं आणि पुढचं कर्ज अवघड होतं.

वाळवणाची ही अडचण जुनी आहे बरं. १५ मार्च १९५९ ला मुंबईच्या गिरगावात सात बायांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला घेतले. तोच आजचा लिज्जत. पहिल्या वर्षी पावसाळ्यात पापड वाळेनात, म्हणून चार महिने काम बंद पडलं. पुढच्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक शेगडी आणली, खाटेवर पापड आणि खाली शेगडी, आणि काम चालू राहिलं. पैसे देणारे छगनलाल करमसी पारेख यांनी त्यांना हिशेब नीट ठेवायला बजावलं होतं. किती महिने बंद आणि कशानं बंद, हे कळलं की खाट-शेगडीचा खर्च परवडतो की नाही तेही ठरवता येतं.

आता पत्र वाचणारीसाठी दोन गोष्टी. एक, आकडा दर महिन्याला त्याच मापात आहे का ते पाहा. जानेवारीत क्विंटल, फेब्रुवारीत रुपये, मार्चमध्ये ‘ग्राहक संख्या’ असं होऊ लागलं, तर विचारा की क्विंटलचं काय झालं. दुसरी, ‘आतापर्यंत एकूण विक्री’ या आकड्यावर जाऊ नका. तो कधीच कमी होत नाही. मिल महिनाभर बंद असली तरी तो तेवढाच राहतो, घटलेला दिसत नाही. महिन्याचाच आकडा मागा, शेजारी मागच्या महिन्याचा.

आणि पत्र येणं थांबलं तर तीही खबरच समजा. बहुतेक वेळा पत्र बंद होतं ते काम वाढल्यानं नाही, लिहायला तोंड नसल्यानं. पाच तारीख ठरवली असेल आणि दहा उजाडली, तर सरळ मिलवर जाऊन या.

वाचता न येणाऱ्या बायांसाठी पत्र गटाच्या बैठकीत मोठ्यानं वाचा, किंवा बोलून पाठवा. आकडे सावकाश म्हणा, दोनदा म्हणा. आणि पुढच्या महिन्याचं पत्र मागच्या मागण्यांपासून सुरू करा. जागा मिळाली का, कुणी दिली, उधारीतले किती आले. ६६,००० पैकी ४०,००० आले असतील तर तेच लिहा, आणि उरलेले २६,००० कधी येणार तेही.