कमी खाल्ल्याने अंग सुटतं का?

वर्षावासात उपोसथ धरणाऱ्या बाया आम्हाला हमखास विचारतात, "ताई, जेवण तोडलं की शरीर घाबरून चरबी धरून ठेवतं, उलट वजन वाढतं म्हणे. खरं का?"

उपोसथाच्या दिवशी दुपारनंतर न जेवल्याने असं काही होत नाही. एक-दोन दिवसांत शरीराचा खर्च मंदावत नाही. आठवडेच्या आठवडे कमी खाल्लं तर मात्र मंदावतो. किती मंदावतो, हा खरा प्रश्न आहे.

अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ साली अॅन्सेल कीज यांनी हे तपासलं. युद्धात शस्त्र धरायला नकार दिलेले ३६ धडधाकट तरुण त्यासाठी स्वतःहून पुढे आले. चोवीस आठवडे त्यांना नेहमीच्या निम्मंच जेवण दिलं, वर रोज चालायला लावलं. त्यांच्या वजनाचा जवळपास चौथा हिस्सा गेला. जाड कुणीच झालं नाही. पडून असतानाचा शरीराचा खर्च मात्र सुमारे ४० टक्क्यांनी उतरला. त्यातला मोठा भाग शरीरच लहान झाल्यामुळे होता, उरलेली शरीराची खरी काटकसर.

भाकरीच्या हिशेबात बघू. एका बाईचा दिवसाचा खर्च दहा भाकरींएवढा धरा. ती सहाच भाकरींएवढं खाते. शरीर काटकसर करून फार तर एक भाकरी वाचवेल. उरलेल्या तीन भाकरींची तूट अंगातूनच भरली जाते, आणि ती नुसत्या चरबीतून नाही, मांसातूनही. म्हणून हातपाय गार पडतात, चक्कर येते, केस गळतात, पाळी चुकते.

मग काही बायांचा काटा हलत का नाही? कधी चहातली साखर आणि उरलंसुरलं खाल्लेलं मोजलंच जात नाही. पण आम्हाला जास्त काळजी दुसऱ्या कारणाची वाटते. मिनेसोटाच्या त्या उपाशी तरुणांचेही पाय सुजले होते. मांस झडत होतं, त्याच वेळी अंगात पाणी साठत होतं, म्हणून काटा खरी झीज दाखवत नव्हता. आपल्या बीडमध्ये ऊसतोडीहून परतलेली, सगळ्यांच्या मागून उरलेलं खाणारी बाई अशीच सुजलेली दिसली, की घरचे म्हणतात, "अंग भरलंय, एक वेळ जेवण सोड."

अशा वेळी नडगीवर, घोट्याच्या जरा वर, अंगठा दहा सेकंद दाबून धरा. काढल्यावर खड्डा राहिला तर ते पाणी आहे. पोटाला कमी पडणं, रक्त फार कमी असणं, मूत्रपिंड किंवा हृदयाचा आजार, यातलं काहीही त्यामागे असू शकतं. प्राथमिक आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन आणि लघवी तपासून घ्या. खड्डा राहत नाही पण वजन वाढतं, थंडी सोसत नाही, आवाज बसतो, तर थायरॉईडची तपासणीही मागा. अहवाल हाती येईपर्यंत तिची भाकरी तोडू नका, डाळ, अंडं, शेंगदाणे वाढा. मूत्रपिंडाचा आजार निघाला तर मात्र पथ्य डॉक्टर सांगतील तसंच.

आणि साखरेच्या आजाराची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी उपोसथाआधी डॉक्टरांना विचारावं. रिकाम्या पोटी साखर एकदम उतरते, घाम फुटतो, हात थरथरतात. तसं झालं तर उपोसथ तिथेच सोडून साखरपाणी प्यावं.