पोर्ट उघडले तरी कन्सोल अडलेलाच : ट्रिगरिंग आणि डीएमझेडचे दोन मार्ग

एक्सबॉक्सच्या नेटवर्क सेटिंगमध्ये `NAT type: Strict` असे दिसले की खेळ सुरू होतो, पण मित्राच्या पार्टीत आवाज पोहोचत नाही, काही जणांच्या लॉबीत शिरताच येत नाही. याचे मूळ राउटरमध्ये असते. घरातले मोबाइल, लॅपटॉप, टीव्ही आणि कन्सोल हे सगळे बाहेरच्या जगाला एकाच आयपी पत्त्याने दिसतात. आतून कोणी काही मागितले तर त्याचे उत्तर कोणाला द्यायचे, हे राउटर लक्षात ठेवतो. पण बाहेरून कोणी आपणहून आले तर ते आत कोणासाठी आहे हे त्याला कळत नाही, म्हणून तो ते टाकून देतो. इंटरनेट चाळण्यात याने काही बिघडत नाही. जिथे दोन खेळाडूंचे कन्सोल एकमेकांशी थेट बोलू पाहतात, तिथे मात्र दुसऱ्याचा कन्सोल हाच तो 'न बोलावता आलेला' ठरतो.

यावरचा नेहमीचा उपाय म्हणजे पोर्ट फॉरवर्डिंग. एक्सबॉक्ससाठी त्यातला मुख्य पोर्ट यूडीपी 3074. या क्रमांकावर बाहेरून जे येईल ते अमुक आतल्या पत्त्यावर, समजा 192.168.0.20 वर, पाठवावे असा कायमचा नियम राउटरमध्ये लिहून ठेवायचा. हा नियम लिहूनही `Strict` जात नसेल, तर राउटरच्या त्याच मेनूत `Port Triggering` आणि `DMZ` असे आणखी दोन पर्याय असतात. बहुतेक लोक ते आलटून पालटून लावून बघतात. पण फॉरवर्डिंग फसण्याची कारणे वेगवेगळी असतात, आणि या दोन पर्यायांपैकी प्रत्येक त्यातल्या ठरावीक कारणांवरच चालतो.

सर्वांत साधे कारण म्हणजे नियम चुकीच्या पत्त्याकडे बोट दाखवत असतो. राउटर घरातल्या उपकरणांना पत्ते उसने देतो. वीज गेली, राउटर पुन्हा सुरू झाला, की कालपर्यंत 192.168.0.20 वर असलेला कन्सोल आज 192.168.0.23 वर असू शकतो. नियम मात्र जुन्याच पत्त्यावर पॅकेट पाठवत राहतो. राउटरमध्ये कन्सोलच्या मॅक पत्त्यासाठी एक आयपी राखून ठेवला की हा प्रश्न मुळातच सुटतो. पण काही राउटरांत ती सोय सापडत नाही, किंवा कन्सोल आज वायफायवर आणि उद्या केबलवर असतो. दोन्हींचे मॅक पत्ते वेगळे, त्यामुळे आयपीही वेगळा. पोर्ट ट्रिगरिंग उपयोगी पडते ते इथे.

ट्रिगरिंगच्या नियमात कोणत्याही उपकरणाचा पत्ता लिहावा लागत नाही. त्यात पोर्टचे दोन आकडे असतात. पहिला आकडा आतून बाहेर जाणाऱ्या रहदारीचा, म्हणजे उपकरण बाहेरच्या सर्व्हरच्या ज्या पोर्टला हाक मारते तो. दुसरा बाहेरून आत येणाऱ्या रहदारीचा. आतल्या कोणत्याही उपकरणाने पहिल्या पोर्टकडे पॅकेट पाठवले, की राउटर त्या उपकरणाचा त्या क्षणीचा पत्ता टिपतो आणि दुसरा पोर्ट काही काळ त्याच्यासाठी उघडतो. एक्सबॉक्स वन आणि त्यानंतरचे कन्सोल परस्परांशी बोलण्यासाठी टेरेडो नावाची पद्धत वापरतात, आणि टेरेडोचे सर्व्हर यूडीपी 3544 वर ऐकत असतात. त्यामुळे नियम असा होतो :

```
Trigger port  : UDP 3544
Incoming port : UDP 3074
```

कन्सोल सुरू होताना 3544 कडे हाक जाते, तेव्हा 3074 त्याच्यासाठी उघडतो. मग त्याचा पत्ता 20 असो वा 23. दोन्ही रकान्यांत 3074 भरून ठेवणे ही इथली नेहमीची चूक. मग ट्रिगर पडायला कन्सोलने बाहेरच्या कोणाच्या तरी 3074 पोर्टकडे आधी पॅकेट पाठवावे लागते. ते कधी जाते, कधी जात नाही, आणि नियम एक दिवस चालतो, दुसऱ्या दिवशी नाही.

ट्रिगरिंगच्या मर्यादा त्याच्या रचनेतच आहेत. पहिली वेळेची. उघडलेला पोर्ट ठरावीक वेळ ट्रिगर न पडल्यास मिटतो. नेटगिअरच्या राउटरांत हा काळ मूळ सेटिंगमध्ये २० मिनिटांचा असतो आणि वाढवता येतो. खेळ सुरुवातीला नीट चालतो आणि काही वेळाने नवे खेळाडू जोडले जाईनासे होतात, अशी तक्रार असेल तर आधी हा आकडा बघावा. दुसरी मर्यादा अशी की उघडलेला पोर्ट एका वेळी एकाच उपकरणाचा असतो. घरात दोन एक्सबॉक्स असले तर ज्याने आधी ट्रिगर पाडला त्याला 3074 मिळतो, दुसऱ्याला वाट बघावी लागते. अशा घरात ट्रिगरिंगशी झटत बसण्यापेक्षा दुसऱ्या एक्सबॉक्सच्या प्रगत नेटवर्क सेटिंगमधील `Alternate port selection` मध्ये जाऊन वेगळा पोर्ट निवडावा आणि त्याला स्वतंत्र फॉरवर्डिंग द्यावे. हा मार्ग केव्हाही सरळ.

फॉरवर्डिंग फसण्याचे दुसरे कारण म्हणजे पत्ता बरोबर, पण पोर्टच चुकलेला किंवा अपुरा. एखादा खेळ 3074 शिवाय आणखी कुठल्या पोर्टवर बोलतो हे माहीत नसते, किंवा यूडीपीच्या जागी टीसीपी निवडलेले असते. इथे डीएमझेड कामाला येतो, कारण त्यात पोर्टचा आकडाच भरायचा नसतो. राउटरला एवढेच सांगायचे की बाहेरून आलेले जे काही कोणाचेच नाही, ते टाकून देण्याऐवजी या एका आतल्या पत्त्यावर पाठव.

हे नाव लष्करी भाषेतून आले आहे. दोन सैन्यांमधला निर्लष्करी पट्टा, तसा दोन भिंतींमधला वेगळा विभाग. मोठ्या कार्यालयांच्या जाळ्यात डीएमझेड खरोखर असाच असतो. बाहेरच्यांना लागणारे सर्व्हर तिथे ठेवतात आणि तिथून कार्यालयाच्या आतल्या जाळ्यात सहज शिरता येत नाही. घरगुती राउटरच्या डीएमझेडमध्ये असा पट्टाच नसतो. तिथे ठेवलेले उपकरण घरातल्या इतर सगळ्यांच्याच रांगेत बसलेले असते, फक्त त्याच्यापुढचा दरवाजा काढून टाकलेला असतो.

तरीही कन्सोलसाठी हा धोका लॅपटॉपइतका मोठा नाही. कन्सोल हे बंदिस्त यंत्र आहे. बाहेरच्यांना प्रतिसाद देणाऱ्या सेवा त्यावर मोजक्याच चालतात. निन्टेन्डो तर स्विचसाठी यूडीपी 1024 ते 65535 एवढा पट्टा फॉरवर्ड करायला सांगते. यूडीपीपुरता तो डीएमझेडच झाला. खरी भीती वेगळीच आहे. डीएमझेडचा नियमही पत्त्यावरच लिहिलेला असतो. उद्या तो पत्ता कन्सोलकडून निसटून घरातल्या जुन्या विंडोज संगणकाकडे किंवा स्वस्तातल्या सीसीटीव्ही कॅमेऱ्याकडे गेला, तर तो सगळ्या जगापुढे उघडा पडतो आणि घरात कोणाला पत्ताही लागत नाही. म्हणून पत्ता राखून ठेवल्याशिवाय डीएमझेडला हात लावू नये.

आणखी एक खाच आहे. बहुतेक राउटर आधी फॉरवर्डिंगचे नियम बघतात आणि उरलेले डीएमझेडकडे पाठवतात. 3074 चा जुना, चुकलेला नियम यादीत तसाच राहिला, तर डीएमझेड चालू असूनही नेमके तेच पॅकेट जुन्या पत्त्याकडे वळते. मग डीएमझेडही निकामी आहे असा समज होतो. म्हणून जुने नियम आधी पुसावेत. डीएमझेड लावल्यावर कन्सोलही पुरता बंद करून चालू करावा. एक्सबॉक्सचे बटण दहा सेकंद दाबून धरले की तो पूर्ण बंद होतो. नुसता झोपवलेला कन्सोल जुनीच जोडणी धरून बसू शकतो.

डीएमझेडचा सर्वांत चांगला उपयोग कायमच्या सोयीपेक्षा तपासणीसाठी आहे. दहा मिनिटांसाठी कन्सोल डीएमझेडमध्ये ठेवावा आणि `Test NAT type` चालवावे. `Open` आले, तर चूक आपल्याच नियमांत होती. ती शोधून डीएमझेड बंद करता येतो. `Strict` कायम राहिले, तर राउटरच्या आत काहीही बदलून उपयोग नाही, अडथळा त्याच्या बाहेर आहे. हा निकाल 'पोर्ट उघडा आहे का' हे सांगणाऱ्या संकेतस्थळांपेक्षा भरवशाचा. ती संकेतस्थळे बहुधा टीसीपीच तपासतात, त्यामुळे नीट उघडलेला यूडीपी 3074 सुद्धा त्यांना बंदच दिसतो.

बाहेरचा अडथळा बहुतेक वेळा दुसऱ्या राउटरच्या रूपात घरातच भिंतीवर टांगलेला असतो. समजा, फायबर जोडणी देणाऱ्या कंपनीने एक डबा बसवला आहे, त्याचा पत्ता 192.168.1.1. त्यालाच वायफाय आहे, पण ते आतल्या खोलीत पोहोचत नाही म्हणून घरच्यांनी स्वतःचा राउटर जोडला. त्याचे घर 192.168.0.1 पासून सुरू होते आणि कन्सोल 192.168.0.20 वर आहे. नियम या दुसऱ्या राउटरमध्ये अचूक लिहिला आहे, पण पॅकेट तिथवर येतच नाही. कंपनीचा डबा ते आधीच टाकून देतो. एक्सबॉक्स अशा वेळी `Double NAT Detected` असा इशारा देतो. खात्री करायची तर स्वतःच्या राउटरच्या स्थितीच्या पानावर `WAN IP` बघावा. तिथे 192.168.1.5 असा खाजगी पत्ता दिसला की दोन दारे एकामागे एक आहेत हे नक्की.

अशा घरात डीएमझेड लावावा तो बाहेरच्या डब्यात, आणि त्यात कन्सोलचा नव्हे तर आपल्या राउटरचा पत्ता, 192.168.1.5, भरावा. तो पत्ताही त्या डब्यात राखून ठेवावा. आता बाहेरून येणारे सगळे आतल्या राउटरपर्यंत पोहोचते आणि तिथला नियम त्यातले फक्त 3074 कन्सोलकडे जाऊ देतो, बाकी अडवतो. उघडा पडतो तो राउटर, आणि बाहेरच्या जगाला तोंड देणे हे त्याचे कामच आहे. घरगुती डीएमझेडचा कायमस्वरूपी वापर करायचाच असेल तर तो असा करावा. मात्र कंपनीच्या डब्याच्या थेट वायफायवर असलेली उपकरणे या रचनेबाहेर राहतात, म्हणून कन्सोल आतल्या राउटरलाच जोडलेला असावा.

हे करण्यापूर्वी बाहेरच्या डब्याचाही `WAN IP` वाचावा. तो 100.64 ते 100.127 या आकड्यांनी सुरू होत असेल, तर सार्वजनिक पत्ता घराला मिळालेलाच नाही. हा पट्टा २०१२ मध्ये इंटरनेट कंपन्यांच्या अंतर्गत वापरासाठी राखून ठेवण्यात आला. अनेक ग्राहकांना एका सार्वजनिक पत्त्यामागे बसवायचे, म्हणजे आणखी एक राउटर, तोही कंपनीच्या इमारतीत. त्यात ग्राहकाला नियम लिहिता येत नाही. इथे फॉरवर्डिंग, ट्रिगरिंग आणि डीएमझेड तिन्ही सारखेच हतबल. अशा वेळी राउटरच्या मेनूत रात्र घालवू नये. कंपनीला फोन करून सार्वजनिक किंवा स्थिर आयपीची मागणी करावी. बहुतेक ठिकाणी त्याचे वेगळे पैसे पडतात.