पाळीच्या आधी लागणारी भूक

स्त्रीबीज बीजांडकोशातून बाहेर पडल्यानंतर पाळी येईपर्यंतचा काळ साधारण १२ ते १४ दिवसांचा असतो. बीज ज्या पुटकातून निघते, त्याचा या काळात पिवळसर रंगाचा एक लहानसा पिंड होतो. त्याला पीतपिंड म्हणतात आणि या दिवसांना पीतपिंड अवस्था, म्हणजेच ल्युटिअल फेज. पीतपिंड प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक तयार करतो. पाळीच्या आधीच्या आठवड्यात अनेक स्त्रियांची भूक वाढते, त्याची सुरुवात इथून होते.

प्रोजेस्टेरॉन मेंदूतील तापमान-नियंत्रक केंद्रावर परिणाम करते आणि शरीराचे तापमान ०.३ ते ०.५ अंश सेल्सिअसने वाढते. ही वाढ हाताला जाणवत नाही. सकाळी अंथरुणातून उठण्याआधी रोज तापमान मोजून ठेवले तरच दिसते. आता तापातला एक अनुभवसिद्ध हिशेब इथे लावून पाहता येतो. तापमान एक अंशाने वाढले की स्वस्थ पडलेल्या शरीराचा ऊर्जाखर्च सुमारे १० ते १३ टक्क्यांनी वाढतो. त्या मानाने ०.३ ते ०.५ अंशांसाठी ही वाढ ३ ते ६ टक्के येते. एखाद्या स्त्रीचे शरीर विश्रांतीत दिवसाला १२०० कॅलरी खर्च करत असेल, तर तिची वाढीव गरज ४० ते ७० कॅलरींची, म्हणजे जेमतेम एका फुलक्याची.

प्रत्यक्ष मोजणीत मात्र आकडे बरेच वरखाली होतात. पॉल वेब यांनी १९८६ मध्ये २४ तासांचा खर्च मोजला, तेव्हा वाढ ८ ते १६ टक्के दिसली होती. नंतरच्या बऱ्याच अभ्यासांत ती याहून कमी निघाली आणि काही स्त्रियांत तर मोजता येण्याइतकी आढळलीच नाही. तेव्हा ‘पाळीच्या आधी रोज पाचशे कॅलरी जास्त जळतात’ असे सर्रास सांगितले जाते, त्यावर भरवसा ठेवू नये.

खाणे मात्र बहुधा खर्चापेक्षा जास्त वाढते, कारण भुकेला दुसरेही एक कारण आहे. इस्ट्रोजेन भूक आवरते. बीज बाहेर पडण्याच्या सुमारास ते उच्चांकावर असते आणि महिन्यातले सर्वांत कमी खाणे त्याच दिवसांत होते. पुढे प्रोजेस्टेरॉनच्या जोडीला असताना इस्ट्रोजेनचा हा लगाम ढिला पडतो. म्हणजे पाळीच्या आधीची भूक ही काही अंशी नवी भूक नव्हे, मध्यंतरी दबलेली भूक परत वर आलेली असते. ज्या महिन्यात बीज बाहेरच पडत नाही, त्या महिन्यात पीतपिंड नसतो आणि ही वाढही सहसा दिसत नाही.

ओढ, म्हणजे नेमका एखादा पदार्थच हवासा वाटणे, ही भुकेहून वेगळी गोष्ट. अमेरिकेत ही ओढ चॉकलेटशी इतकी जोडलेली आहे की शरीराला मॅग्नेशियम कमी पडते म्हणून चॉकलेट मागते, असे स्पष्टीकरण तिथे प्रचलित झाले. ते पटण्यासारखे नाही. शेंगदाण्यात आणि तिळात भरपूर मॅग्नेशियम असते, पण शेंगदाण्यांसाठी कोणी व्याकूळ झाल्याचे फारसे ऐकू येत नाही. शिवाय २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात, परदेशात जन्मलेल्या स्त्रियांनी पाळीच्या वेळची चॉकलेटची ओढ अमेरिकेत जन्मलेल्या स्त्रियांपेक्षा बरीच कमी सांगितली. भूक संप्रेरके वाढवत असतील, पण ती कोणत्या पदार्थाकडे वळते हे संस्कृतीवर आणि सवयीवर बरेच अवलंबून असते. त्यामुळे कुणाला चिवडा हवा असतो, कुणाला आइस्क्रीम.

फुलक्याएवढी गरज आणि ओढीने खाल्लेला पदार्थ यांत अंतर पडते ते इथे. एका वडापावात सुमारे ३०० कॅलरी असतात. त्याच दिवसांत शरीर पाणीही धरून ठेवते आणि वजनाचा काटा एखाद्या किलोने पुढे जातो. ते पाणी पाळी सुरू झाल्यावर उतरते. त्याला चरबी समजून जेवण तोडले, तर संध्याकाळपर्यंत भूक अनावर होते. त्यापेक्षा दुपारच्या जेवणातच एक जास्तीचा फुलका आणि वाटीभर उसळ घेतलेली बरी. उसळीतली प्रथिने आणि तंतू पोट जास्त वेळ भरलेले ठेवतात.

भूक खरोखर पाळीशी निगडित आहे का, हे ओळखण्यासाठी सलग दोन पाळ्यांच्या काळात रोज एक ओळ लिहून ठेवावी लागते: तारीख, भूक, मनःस्थिती. शेवटच्या आठवड्यात चढणारी आणि पाळी सुरू झाल्यावर एक-दोन दिवसांत ओसरणारी भूक पीतपिंड अवस्थेची. महिनाभर तशीच राहणारी भूक, थांबवताच न येणारे खाणे किंवा त्याच दिवसांत येणारे तीव्र नैराश्य असेल, तर ही नोंदवही घेऊन स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जावे.