सातव्या मजल्यावरचं घड्याळ

साताऱ्याच्या माण तालुक्यातले एक शेतकरी, वय ७४. पत्नी गेल्यावर वर्षभर एकटे राहिले. मग मुलाने त्यांना वाकडला, सातव्या मजल्यावरच्या आपल्या फ्लॅटमध्ये आणलं. त्यांना इथे आबा म्हणू. हे आबा कोणी एकच व्यक्ती नाहीत. गावाकडून मुलाकडे आलेल्या अनेक वडीलधाऱ्यांच्या दिनक्रमातून ते उभे राहिले आहेत. लिफ्टची बटणं, वॉचमनचा इंटरकॉम, ओल्या-सुक्या कचऱ्याचे दोन डबे हे सगळं आबा आठवड्याभरात शिकले. शिकायला अवघड गेली ती त्या घरातली वेळ.

गावी पहाटे चारला जाग यायची. गोठा झाडायचा, म्हशीची धार काढायची, डेअरीवर दूध घालून उजाडताना शेताकडे निघायचं. दहाला भाकरी, संध्याकाळी साडेसातच्या आत जेवण आणि साडेआठला अंथरूण. फ्लॅटमधला दिवस पावणेसातला, नातवाच्या स्कूलबसबरोबर सुरू होतो. मुलाचं ऑफिस परदेशातल्या लोकांबरोबर चालतं, त्यामुळे त्याची मीटिंग रात्री नऊला. जेवण पावणेदहाला आणि दिवे बारा वाजता बंद.

आबांना जाग मात्र चारलाच. भांड्याचा आवाज झाला तर पोरं उठतील म्हणून ते अंधारात तसेच पडून राहत. दुपारी घर रिकामं झालं की अकरा ते एक झोप, तीन ते पाच पुन्हा झोप. मग रात्री डोळ्याला डोळा लागायचा नाही. ‘आबांना इथे करमत नाही,’ असं घरच्यांनी ठरवून टाकलं. ते खोटं नव्हतं, पण अर्धंच होतं.

मेंदूत झोप-जागेचं एक घड्याळ असतं आणि ते रोज मुख्यतः उजेडाने लावलं जातं. डोळ्यांत सकाळचा लख्ख प्रकाश गेला की दिवस सुरू झाल्याचा निरोप तिथे पोचतो. हा प्रकाश ‘लक्स’मध्ये मोजतात. घरातल्या ट्यूबलाइटखाली तो साधारण १०० ते ३०० लक्स भरतो. बाहेर ढगाळ दिवशीही तो काही हजारांत असतो आणि रणरणत्या उन्हात एक लाखाच्या आसपास जातो. वय वाढतं तसं डोळ्यातलं भिंग पिवळसर होतं आणि आत पोचणारा प्रकाश आणखी कमी होतो. गावी आबांचे सकाळचे तीन-चार तास उघड्यावर जात. फ्लॅटमध्ये ते दिवसभर पडद्याआड, दिवाणावर. त्यांच्या शरीराला दिवस आणि रात्र यांतला फरकच पुरेसा कळत नव्हता.

दुसरी अडचण एका संध्याकाळी कळली. पावणेनऊला आबांनी नातवाला विचारलं, “म्हशींना पाणी दावलंस का रं?” नातू हसला. सूनबाईंनी मात्र जवळ येऊन पाहिलं, तर पंखा चालू असूनही कपाळावर घाम होता आणि हात थरथरत होते. आबांना मधुमेह आहे. घरातल्या यंत्रावर साखर तपासली तर आकडा ५८ आला. रक्तातली साखर ७० च्या खाली गेली की ती कमी समजतात. सूनबाईंनी तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून त्यांना प्यायला दिली, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासलं आणि आकडा वर आल्यावर लगेच जेवायला वाढलं. थोड्या वेळात आबा नेहमीसारखे बोलू लागले. (माणूस बेशुद्ध असेल किंवा गिळता येत नसेल, तर तोंडात काही घालू नये, थेट दवाखाना गाठावा.)

गोळी तीच होती आणि घेण्याची वेळही तीच, साडेसातची. गावी गोळीमागोमाग ताट यायचं, इथे ताट दोन तास उशिरा येत होतं. ग्लिमेपिराइडसारखी गोळी शरीराला जास्त इन्सुलिन सोडायला लावते. वरून अन्न पडलं नाही तर साखर घसरते. मेटफॉर्मिन एकटी घेतली तर असं क्वचितच होतं. म्हणून गाव सोडून शहरात आलेल्या माणसाच्या गोळ्या नव्या डॉक्टरांना दाखवताना जेवणाच्या बदललेल्या वेळाही सांगायच्या असतात. आबांच्या घरी मार्ग सोपा निघाला. नातवालाही साडेसातलाच भूक लागते. आता आजोबा-नातू आधी जेवतात, बाकीचे मागून.

रक्तदाबाच्या गोळ्यांतलं एक औषध लघवी वाढवणारं होतं आणि आबा ते संध्याकाळी घेत होते. त्यामुळे रात्री तीन-तीनदा उठणं, अंधार आणि गुळगुळीत फरशी. उतारवयात पटकन उभं राहिलं की रक्तदाब घसरून भोवळ येऊ शकते. डॉक्टरांनी ते औषध सकाळवर नेलं. उठताना आधी पलंगाच्या कडेला मिनिटभर बसायचं, हे आबांनी अंगवळणी पाडलं. मुलाने बाथरूमच्या वाटेवर मंद दिवा लावला आणि कमोडशेजारी भिंतीत धरायला दांडी ठोकून घेतली.

पाण्याच्या बाबतीत मात्र आबाच घराला शिकवू लागले. पिंपरी-चिंचवडमध्ये नोव्हेंबर २०१९ पासून महापालिकेचं पाणी एक दिवसाआड येऊ लागलं. ते आधी सोसायटीच्या जमिनीखालच्या टाकीत पडतं, तिथून पंपाने गच्चीवरच्या टाकीत चढतं आणि मग नळाला येतं. खालची टाकी भरली नाही तर वॉचमन दुपारी व्हॉल्व्ह बंद करतो. माणसारख्या दुष्काळी तालुक्यात आयुष्य काढलेल्या माणसाला हा हिशेब समजावून सांगावा लागला नाही. पाण्याचे दिवस आणि व्हॉल्व्हच्या वेळा आबांनी कॅलेंडरवर टिपल्या. स्वयंपाकघरातला पिंप भरून ठेवणं हे त्यांचं काम झालं. घरात त्यांना विचारल्याशिवाय अडणारी निदान एक तरी गोष्ट झाली.

झोपेचं गणित बसायला महिना गेला. सकाळी आबा नातवाला बसपर्यंत सोडतात आणि तासभर खाली बागेतच चालतात, बसतात. तिथे परभणीचे आणि चिपळूणचे असे दोन आजोबा भेटतात. दुपारची झोप एकदाच, तीनच्या आत आणि अर्धा तास. आता रात्री दहाला झोप लागते आणि जाग साडेचारला येते. यापुढे ती फारशी सरकणार नाही, कारण म्हातारपणी झोप आपसूकच लवकर येते आणि लवकर उडते. म्हणून स्वयंपाकघराचं दार लावून पहाटेचा चहा स्वतः करायची त्यांना मुभा मिळाली आहे.

सगळंच वेळेवर ढकलून मात्र चालत नाही. महिने लोटले तरी आपला मजला सापडत नसेल, नुकतंच केलेलं जेवण आठवत नसेल, तर स्मरणशक्तीची तपासणी करून घ्यावी. दोन आठवड्यांहून जास्त काळ मन उदास असेल, कशातच गोडी वाटत नसेल, वजन उतरत असेल, तर ते नैराश्य असू शकतं आणि त्यावर उपचार आहेत.

आबा वर्षातून दोनदा गावी जातात, बेंदराला आणि यात्रेला. राज्यात ६५ ते ७५ वयाच्या प्रवाशांना एसटीचं अर्धं तिकीट असतं. पंचाहत्तरी ओलांडली की ऑगस्ट २०२२ पासूनच्या सवलतीने प्रवास मोफत होतो. बरोबरच्या गोळ्यांच्या पाकिटावर सूनबाई वेळ लिहीत नाहीत, ‘जेवणाआधी’ किंवा ‘न्याहारीनंतर’ असं लिहितात. परत आल्यावर चार-पाच दिवस आबांची झोप पुन्हा विस्कटते, हे आता घरात सगळ्यांना ठाऊक आहे. त्या दिवसांत मुलगा आपली रात्रीची मीटिंग आतल्या खोलीत, दार लावून करतो.