आश्रयाचा अर्ज आणि एक वर्षाची मुदत

अमेरिकेत आश्रय मागणाऱ्याला केवळ मायदेशी जिवाला धोका आहे एवढे सांगून भागत नाही. छळामागे वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, राजकीय मत किंवा विशिष्ट सामाजिक गटाशी असलेले नाते, यांपैकी एक कारण दाखवावे लागते. गरिबी किंवा निव्वळ गुंडगिरी त्यात बसत नाही.

समजा, सरकारविरोधी बातम्या दिल्या म्हणून एका पत्रकाराला मारहाण झाली आणि तो १० मार्च २०२४ रोजी अमेरिकेत पोहोचला. छापलेली बातमी, धमकीचा तारखेसह संदेश, दवाखान्याचे कागद आणि साक्षीदाराचे प्रतिज्ञापत्र हे त्याचे पुरावे. परभाषेतल्या कागदांना प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडावे लागते. दवाखान्यातली तारीख जबाबाशी जुळली नाही आणि त्याचा खुलासाही नसला, तर खऱ्या माणसावरही अविश्वास दाखवला जातो.

आय-५८९ हा अर्ज आगमनापासून एका वर्षात दाखल व्हायला हवा. गंभीर आजार किंवा मायदेशी बदललेली परिस्थिती अशा मोजक्याच सबबी चालतात. मुदत हुकली, तर हद्दपारी रोखण्याचा वेगळा मार्ग उरतो. पण त्यासाठी पुरावा अधिक भक्कम लागतो आणि त्यातून बायकामुलांना बोलावता येत नाही. म्हणून एखादा कागद यायचा बाकी असला, तरी अर्ज मुदतीत भरावा; पुरावे नंतरही जोडता येतात.